नव्या सभासद क्रमांकाचं पत्र सभासदांना कसं लिहावं?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत सभासद क्रमांक बदलून आधी वॉर्ड कोड आणि पुढे चार आकडी अनुक्रमांक असा करायचा ठराव झालाय. सचिव म्हणून सगळ्या सभासदांना पत्र पाठवायचं आहे. काय लिहू, म्हणजे लोक गोंधळणार नाहीत?

उत्तर: पत्रात उदाहरण देऊ नका. बाकीचं सगळं नंतर सांगतो, आधी हे लिहून ठेवा.

मी पतसंस्थेचा सचिव असताना हेच काम केलं आणि पहिलं पत्र सपशेल फसलं. पत्र तसं छान होतं. पहिले दोन आकडे विभागाचे, पुढचे चार तुमचे, असं समजावून खाली चौकटीत लिहिलं होतं, "उदा. २१-०४१२". पंधरा दिवसांनी भरणा पावत्या तपासायला बसलो, तर चाळीसेक पावत्यांवर २१-०४१२. लोकांना वाटलं, पत्रात आकडा छापलाय म्हणजे तोच आपला नवा क्रमांक. त्यात हा क्रमांक एका खऱ्या सभासदाचा निघाला. त्या बिचाऱ्याच्या नावावर शेजाऱ्यांचे आवर्त ठेवीचे हप्ते जमा झाले होते. एकेक पावती नावावरून जुळवण्यात दोन शनिवार गेले.

त्यामुळे दुसऱ्यांदा पत्र काढलं ते प्रत्येकाच्या नावाचं. त्यात दोनच क्रमांक होते, त्याचा जुना आणि त्याचा नवा. क्रमांकाची रचना एका वाक्यात उरकली. सभासदाला आपला क्रमांक कळला की बास, तो कसा बनतो हे त्याला पाठ करायचं नसतं.

पण पत्राआधी तुमच्या ठरावातल्या दोन गोष्टी तपासा. त्या चुकल्या असतील तर पत्र कितीही चांगलं लिहा, उपयोग नाही.

पहिली, अनुक्रमांक. तो संपूर्ण संस्थेचा एकच चालू हवा, प्रत्येक वॉर्डात पुन्हा १ पासून नको. खिडकीवर येणारा माणूस पूर्ण क्रमांक कधीच सांगत नाही, "चारशे बारा" एवढंच म्हणतो. वॉर्डागणिक वेगळा चारशे बारा असला की रोखपालाने कोणाचं पान उघडायचं? आमचा जुना गोंधळ नेमका हाच होता. सभासदांच्या दोन वह्या होत्या आणि दुसरी वही कुणीतरी १ पासून सुरू केलेली. पहिलीत ११८६ सभासद, दुसरीत ७३४. म्हणजे ७३४ क्रमांक दोन-दोन माणसांचे. आम्ही पहिल्या वहीचे क्रमांक तसेच ठेवले आणि दुसऱ्या वहीत सरसकट २००० मिळवले. पहिल्या वहीतला ४१२ हा ०४१२ झाला, दुसऱ्या वहीतला ४१२ हा २४१२. ज्याचा त्याला ओळखता येतो. मधले ११८७ ते २००० मुद्दाम रिकामे सोडले आणि ठरावात तसं लिहिलं, नाहीतर लेखापरीक्षक विचारणारच की हे आठशे सभासद गेले कुठे. नवे सभासद ३००१ पासून.

दुसरी गोष्ट वॉर्डाची. हा वॉर्ड महापालिकेचा प्रभाग असेल तर आत्ताच बदला. प्रभाग रचना पुन्हा आखली जाते, क्रमांक बदलतात, हद्दी सरकतात, आणि तुमचा कोड पोरका होतो. संस्थेचे स्वतःचे विभाग पाडा, कुठल्या गल्ल्या कुठल्या विभागात ते लिहून संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या. सभासद घर बदलून दुसऱ्या विभागात गेला तर? माझ्या मते क्रमांक बदलू नये. तो पासबुकावर असतो, कर्जाच्या कागदांवर असतो, दुसऱ्याला जामीन राहिलेला असेल तर तिथेही असतो. सध्याचा विभाग नोंदीत वेगळ्या रकान्यात ठेवा, सभेच्या नोटिसा त्यावरून वाटा. क्रमांकातला कोड म्हणजे क्रमांक दिला त्या दिवशीचा विभाग, एवढाच त्याचा अर्थ.

विभागांचे कोड २१ पासून सुरू करा असंही सांगेन. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण आहे. आम्ही आधी ०१ ते ०६ धरले होते. यादी छापायला दिली, छापखान्यातल्या मुलाने ती एक्सेलमध्ये नव्याने टाइप केली, आणि `03-2118` लिहिलेल्या चौकोनात दिसायला लागलं `Mar-18`. संगणकाला तो मार्च २११८ वाटला. दुसऱ्या वहीतल्या लोकांचे क्रमांक असे तारखा होऊन बसले. रेघ काढून टाकली तर सुरुवातीचं शून्य गळतं, 032118 चं 32118 होतं. कोड २१ ते २६ केले आणि दोन्ही दुखणी गेली. एकविसावा महिना नसतो आणि सुरुवातीला शून्यही नसतं. संगणकात रेघ न घालता सरळ सहा आकडे ठेवा, रेघ फक्त छापताना.

यादी हाताने बनवू नका. जुना क्रमांक A मध्ये, विभाग कोड B मध्ये, वही १ की २ ते C मध्ये. मग D मध्ये नवा क्रमांक, E मध्ये त्याचे शेवटचे चार आकडे आणि F मध्ये ते आकडे किती वेळा आलेत ते:

```
D2: =B2*10000+IF(C2=2,2000,0)+A2
E2: =MOD(D2,10000)
F2: =COUNTIF(E:E,E2)
```

F मध्ये सगळीकडे 1 यायला हवा. तपासणी D वर न करता E वर करायची. सहा आकडे वेगळे असले तरी शेवटचे चार दुबार असू शकतात आणि खिडकीवर घोळ त्या चारांचाच होतो. आमच्याकडे सहा ओळींत 2 आला, म्हणजे तीन जोड्या. तिन्ही वेळा एकच माणूस दोन विभागांत लिहिला गेला होता, एकदा दुकानाच्या पत्त्याने आणि एकदा घराच्या.

आता पत्र. आमचं दुसरं पत्र साधारण असं होतं. कंसातल्या जागी प्रत्येकाची माहिती यादीतून आपोआप भरली जायची:

> जावक क्र. ( ) दिनांक ( )
>
> प्रति, श्री./श्रीमती ( ) यांस,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> संचालक मंडळाच्या दि. ( ) च्या ठराव क्र. ( ) नुसार आपला सभासद क्रमांक बदलला आहे.
>
> आपला जुना क्रमांक : ( )
> आपला नवा क्रमांक : ( ) अक्षरी ( )
>
> पहिले दोन आकडे संस्थेच्या विभागाचे असून पुढील चार आकडे आपले स्वतःचे आहेत. आपण पुढे घर बदलले तरी हा क्रमांक बदलणार नाही.
>
> बदलला आहे तो फक्त सभासद क्रमांक. आपले बचत, ठेव व कर्ज खात्यांचे क्रमांक, भागांची संख्या, सभासदत्वाची तारीख, मतदानाचा हक्क आणि वारस नोंद यांत काहीही बदल नाही. आपल्याजवळील भाग दाखला वैध आहे, तो परत करू नये.
>
> आपल्याला यासाठी वेगळी खेप घालायची गरज नाही. पुढच्या वेळी संस्थेत याल तेव्हा पासबुक आणावे, त्यावर नव्या क्रमांकाचा शिक्का मारून देऊ. ३१ मार्चपर्यंत जुना किंवा नवा, कोणताही क्रमांक लिहिलेला चालेल.
>
> या बदलासाठी संस्था आपल्याला फोन करणार नाही, ओटीपी विचारणार नाही आणि शुल्कही घेणार नाही.
>
> वर छापलेले नाव किंवा जुना क्रमांक चुकला असल्यास खालच्या पोच-चिठ्ठीवर दुरुस्ती करून द्यावी.
>
> आपला नम्र, सचिव

"बदलला आहे तो फक्त सभासद क्रमांक" हा परिच्छेद कापू नका. पहिल्या पत्रानंतर खिडकीवर आलेल्या दहांतल्या आठ जणांचा प्रश्न एकच होता, "माझ्या ठेवीचं काय?" काही ज्येष्ठ सभासदांना वेगळीच शंका होती. एक आजोबा म्हणाले, "मी सदतीस नंबरचा सभासद, आता मला दोन लाखांच्या पुढे ढकललंत होय?" त्यांच्यासाठी सभासदत्वाच्या तारखेचा उल्लेख आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३८ प्रमाणे सभासद केव्हा झालात याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणजे सभासद नोंदवही, आणि तिथली तारीख कुणी बदलत नाही. आजोबांना 'आय' नमुन्यातलं त्यांचं पान उघडून दाखवलं, तेव्हा कुठे ते चहाला थांबले.

अक्षरी क्रमांक "दोन एक, शून्य चार एक दोन" असा सुटा लिहा. हाताने लिहिलेला मराठी ४ इंग्रजी आकड्यांची सवय असलेल्या कारकुनाला 8 वाटतो, आणि 0412 चा 0812 व्हायला तेवढं पुरतं. ओटीपीचं वाक्यही ठेवाच. "तुमचा क्रमांक बदललाय" असं पत्र गावभर गेलं की फसवणाऱ्यांना आयती सबब मिळते.

पोच-चिठ्ठ्या जपून ठेवा. आमच्याकडे सगळ्या परत आल्या नाहीत, पण पत्त्यावर कुणी नाही म्हणून जी पाकिटं परत आली ती जास्त कामाची ठरली. त्यांतले काही सभासद वारले होते आणि घरच्यांनी कळवलंच नव्हतं. अशांचा क्रमांक दुसऱ्या कुणालाही देऊ नका. भाग वारसाच्या नावे झाले तरी वारसाला नवा क्रमांक द्या आणि जुन्यापुढे शेरा मारा.

आणि 'आय' नमुन्यात व 'जे' यादीत जुन्या क्रमांकाचा रकाना कायमचा ठेवा. ३१ मार्च ही तारीख पावत्यांसाठी आहे, नोंदवहीसाठी नाही. बदल होऊन बरीच वर्षं झाल्यावर एक बाई वडिलांच्या ट्रंकेत सापडलेला भाग दाखला घेऊन आल्या. त्यावर नुसतं "स. क्र. ११८" होतं, वही कुठली ते नव्हतं. रकान्यात ११८ दोनदा होता, दोन्ही पानं उघडली आणि दुसऱ्या पानावर त्यांच्या वडिलांची सही निघाली.