नावं पाच, काम एकीचं

"गटाने करायच्या प्रकल्पात एकदोघंच राबतात, बाकीचे नाव लावून मोकळे होतात. गुण मात्र सगळ्यांना सारखेच द्यावे लागतात. कोणी किती काम केलं हे मला कळणार कसं?"
– एक प्राध्यापक

कॉलेजमध्ये समुपदेशन करताना या तक्रारीची विद्यार्थ्यांकडची बाजू माझ्याकडे आधी येते. सबमिशनच्या तोंडावर झोप उडालेली अशीच एक मुलगी आली होती. पाच जणांचा गट, अहवाल तिने एकटीने लिहिलेला, आणि बाकी चौघांवर भयंकर राग. तिच्या परवानगीने मी तिच्या सरांशी बोलले. सर म्हणाले, "मॅडम, चौघांनाही शून्य देऊन टाकतो." मी म्हटलं, आधी त्यांच्या सामाईक फाइलचा बदलांचा इतिहास तरी उघडून पाहू.

एका मुलाने सुरुवातीलाच दीड पान लिहिलं होतं. त्याच रात्री तिने ते खोडून स्वतःचं लिहिलं. पुढे त्याने एक तक्ता टाकला, तोही बदलला गेला. त्यानंतर त्याची एकही नोंद नाही. दुसऱ्या एका मुलीचं नाव जवळपास दिसतच नव्हतं, पण अहवालातल्या सगळ्या मुलाखती तिनेच घेतल्या होत्या. फाइलमध्ये त्या टाइप करणारी आमची रागावलेली मुलगी. उरलेल्या दोघांनी मात्र फाइल उघडलीच नव्हती. म्हणजे अंग चोरणारे चार नव्हते, दोन होते. आणि नुसत्या इतिहासावर विसंबलं असतं, तर मुलाखती घेणारीही त्यांच्यातच गणली गेली असती.

लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली लोकांना एकट्याने आणि गटात टाळ्या वाजवायला, ओरडायला लावलं. गटात प्रत्येकाचा जोर कमी पडला. 1981 मध्ये त्यांनीच दाखवलं, की गटात असूनही आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं वाटलं, की ही ढिलाई जवळपास नाहीशी होते. फाइल न उघडणाऱ्या दोघांना हे तंतोतंत लागू पडतं. तक्त्यावाल्या मुलाचं दुखणं निराळं. आपण केलं काय, न केलं काय, फरक पडत नाही हे त्याला अनुभवाने कळलं होतं. त्याच्यावर नुसती नजर ठेवून भागलं नसतं. त्याला स्वतःचा, दुसऱ्याने परस्पर न बदलायचा भाग हवा होता.

म्हणून पुढच्या प्रकल्पात सरांनी कामाची वाटणी पहिल्याच तासाला लेखी घेतली. कोणत्या भागावर कोणाचं नाव, आणि तो बदलायचा तर त्या माणसाला विचारून. दर आठवड्याला प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या: मी काय केलं, कुठे अडलं. मुलाखती, फोन, छपाई असली फाइलबाहेरची कामं त्यात येतात.

गुणांसाठी आम्ही एक साधी रीत ठरवली. प्रत्येकाने स्वतःला वगळून इतर चौघांत 100 गुण वाटायचे, प्रत्येक आकड्यापुढे एका वाक्यात कारण द्यायचं. पाच जणांच्या गटात सरासरी वाट्याला 100 येतात. समजा प्रकल्पाला 50 पैकी 40 मिळाले. त्यातले 20 सगळ्यांना सारखे. उरलेले 20 ज्याच्या-त्याच्या वाट्यानुसार. 70 मिळालेल्याचे 20 आणि 14, म्हणजे 34. 120 मिळालेलीचे 20 आणि 24, म्हणजे 44. पूर्ण 40 वरच ही पट लावली, तर एका भांडणापायी कोणाचं तरी वर्ष बिघडेल, म्हणून निम्म्यावरच.

पण हे आकडे डोळे मिटून घेऊ नका. मैत्रीखातर सगळे एकमेकांना 25 देऊन मोकळे होतात, किंवा तिघं मिळून चौथ्याला पाडतात. आकडे आणि आठवड्याच्या नोंदी जुळत नसतील, तर गुण लावण्याआधी त्या गटाला बोलवा. प्रत्येकाला त्याच्या भागावर एक आणि दुसऱ्याच्या भागावर एक प्रश्न विचारा. ज्याने काम केलंय त्याला आपण अमुक आकडा का धरला, कुठली माहिती का गाळली, हे सांगता येतं. लाजाळू मुलं तोंडीत अडखळतात. त्यांना नोंदी समोर ठेवून बोलू द्या.

हे सगळं निम्म्या वाटेवर एकदा, गुण न लावता करून घ्या. शेवटी कळलेल्या ढिलाईवर शिक्षाच करता येते, मध्यावर कळली तर काम तरी होतं. त्या दोघांपैकी एकाला मध्यावरच्या वाटणीत 55 पडले, तेव्हा तो सरांकडे भांडायला गेला, नोंदी पाहिल्या आणि विश्लेषणाचा भाग मागून घेतला. दुसऱ्याला काही फरक पडला नाही. त्याला शेवटी त्याच्या वाट्याचे कमी गुण मिळाले, आणि त्यावरून त्याच्या गटात कोणाची झोप उडाली नाही.

वर्ग 60 जणांचा असेल तर असे 12 गट होतील, आणि दहा-दहा मिनिटं धरली तरी तोंडीला दोन तास लागतील. तेवढा वेळ नसेल, तर फक्त आकडे आणि नोंदी न जुळणारे गट बोलवा.