दाव्याचा मसुदा विनंतीपासून तपासावा

नाशिक

प्रिय,

तू पाठवलेला ताकिदीच्या दाव्याचा मसुदा दोनदा वाचला. शुद्धलेखन नीट आहे, समासही सारखे आहेत. पण तू पहिल्या पानापासून वाचत गेल्यामुळे विनंतीच्या कलमापर्यंत पोहोचताना तुझे डोळे थकलेले असणार. तिथेच तीन चुका राहिल्या आहेत. यापुढे तपासणी विनंतीपासून सुरू कर आणि तिथून मागे जा. दावा मंजूर झाला तर हुकूमनाम्यात मुख्यतः विनंतीतलेच शब्द उतरतात, आणि दरखास्तीचे कोर्ट हुकूमनाम्यात जे लिहिले आहे त्यापलीकडे जाऊ शकत नाही.

तुझे कलम असे आहे: "प्रतिवादी नं. १ ते ३ यांनी कलम १ मधील वादमिळकतीतील वादींचे कब्जेवहिवाटीस स्वतः अगर इसमांमार्फत हरकत, अडथळा करू नये अशी निरंतर ताकीद व्हावी." वाचायला अगदी सुरळीत. आता यातला एकेक शब्द मागे नेऊन पाहू.

"प्रतिवादी नं. १ ते ३". शीर्षकात प्रतिवादी चार आहेत. चौथा नंतर घातला, शीर्षकात आणि मजकुरात आला, विनंतीत आला नाही. ज्याच्याविरुद्ध ताकीद मागितलीच नाही, तो उद्या बांध फोडायला आला तर हातातल्या हुकुमाचा त्याच्यावर उपयोग करताना अडचण येणार. म्हणून शीर्षकातले पक्षकार बोटाने मोजायचे आणि विनंतीतला आकडा त्याच्याशी ताडायचा. याच वाक्यात "वादी" आणि "प्रतिवादी" यांची अदलाबदल झालेली नाही ना, हेही मोठ्याने वाचून पाहा. "प्रति" एवढी अक्षरे गळली की वाक्य व्याकरणाने शुद्धच राहते आणि ताकीद आपल्याच पक्षकाराविरुद्ध मागितली जाते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, कानाला लगेच खटकते.

"कलम १ मधील". वकीलसाहेबांनी वंशावळ कलम १ मध्ये घातल्यावर मिळकतीचे वर्णन कलम २ मध्ये गेले. कलमांचे आकडे संगणकाने आपोआप बदलले. वाक्यात हाताने टाइप केलेला "कलम १" तसाच राहिला. आता विनंतीतली मिळकत म्हणजे वंशावळ झाली आहे. असे हाताने लिहिलेले संदर्भ पाच-सहा ठिकाणी असतात, म्हणून "कलम" हा शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी थांब. सत्यापन विसरू नकोस. कोणत्या कलमांतला मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता मिळालेल्या माहितीवरून खरा मानलेला, हे तिथे कलमांचे आकडे देऊन सांगावे लागते. तुझ्या सत्यापनात "कलम १ ते १३" आहे, दाव्यात आता कलमे १४ आहेत.

तिसरी चूक तुझ्या निशाणी ५ च्या अर्जातल्या विनंतीत आहे. दाव्याची विनंती तू तिथे जशीच्या तशी चिकटवलीस, त्यामुळे अंतरिम अर्जातही "निरंतर ताकीद" मागितली गेली. तिथे "दाव्याचा अंतिम निकाल होईपावेतो तूर्तातूर्त ताकीद" हवी. दोन्ही विनंत्या शेजारी ठेवून वाच. मिळकत आणि पक्षकार तेच, मुदत वेगळी.

आणखी एक गोष्ट मी फक्त पेन्सिलने नोंदवली आहे. कलम ९ मध्ये "प्रतिवादी मिळकत तिऱ्हाईतास विकण्याच्या बेतात आहेत" असे विधान आहे, पण मिळकत तबदील करू नये अशी मागणी विनंतीत कुठेच नाही. शेवटचे "इतर योग्य व न्याय्य हुकूम व्हावेत" हे वाक्य एवढी मोठी राहिलेली मागणी भरून काढेल असे समजू नये. त्याच कारणावरून मागता येण्यासारखी दाद कोर्टाच्या परवानगीविना सोडली, तर आदेश २ नियम २ मुळे पुढे ती वेगळ्या दाव्यात मागता येत नाही. तरीही तू स्वतः मागणी वाढवायची नाहीस. टायपातली चूक आपण सुधारायची. मागणी असावी की नसावी हे वकीलसाहेब ठरवतील. आपण समासात प्रश्न लिहून द्यायचा.

आता मिळकतीचे वर्णन. मसुद्यात चार ठिकाणी गट नं. ४७१/२ आहे, सातबाऱ्यावर ४१७/२. चारही ठिकाणी सारखेच असल्याने तुला शंका आली नाही, कारण तू मसुदा मसुद्याशी ताडलास. ताडणी नेहमी मूळ कागदाशी करायची. एकाने सातबारा वाचायचा, दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवायचे, आणि अंक सुटे उच्चारायचे: चार, एक, सात. आदेश ६ नियम २ प्रमाणे तारखा, रकमा आणि आकडे अंकी व अक्षरी दोन्ही लिहायचे असतात. "४७१ (चारशे सतरा)" असे लिहिलेले असते तर चूक तिथेच उघडी पडली असती.

क्षेत्रही पाहा. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य ०.७८ आणि पोटखराबा ०.०३, एकूण ०.८१ हेक्टर. तू एका ठिकाणी ०.७८ आणि दुसऱ्या ठिकाणी ०.१८ लिहिलेस. पहिल्यात पोटखराबा सुटला, दुसऱ्यात अंक फिरले. पक्षकार तोंडी "दोन एकर" म्हणतात. एक एकर सुमारे साडेचाळीस आर, म्हणजे ८१ आर बरोबर जुळतात आणि १८ आर कुठेच बसत नाहीत. हा हिशोब दर वेळी कर, अर्धा मिनिट लागतो.

गावाचे नाव नुसते "मौजे पिंपळगाव" लिहू नकोस. नाशिक तालुक्यातच पिंपळगाव खांब आणि पिंपळगाव बहुला आहेत, शिवाय निफाडचे पिंपळगाव बसवंत. जुन्या दाव्याची फाईल उघडून नवा मसुदा केला की तालुका आणि कोर्टाचे नाव जुनेच राहून जाते. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात चालतो, त्यामुळे शीर्षक, मिळकतीचे वर्णन आणि अधिकारक्षेत्राचे कलम ही तिन्ही ठिकाणे एकत्र तपास.

मांडणीबद्दल थोडेच. "वादमिळकत", "दावा मिळकत" आणि "सदरची जमीन" असे तीन शब्द तू एकाच जमिनीसाठी वापरलेस. वर्णनाखाली एक शब्द ठरवून शेवटपर्यंत तोच ठेव. अंक सगळीकडे देवनागरी ठेव आणि शोधताना `417` व `४१७` दोन्ही टाकून पाहा, एकाने दुसरा सापडेलच असे नाही. पक्षकाराची सही एकटीच कोऱ्या पानावर जाऊ देऊ नकोस. वर विनंतीच्या दोन-तीन ओळी तरी हव्यात.

हे सगळे प्रतिज्ञापत्र होण्याआधी व्हायला हवे. शपथ झाल्यावर पान बदलायचे नाही, कितीही छोटी चूक असली तरी. दावा दाखल झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर झाल्यावर कोर्टाने मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि पुरावा सुरू झाल्यावर तर "आधी लक्षात का आले नाही" याचे पटेल असे उत्तर द्यावे लागते.

मसुदा सोबत परत पाठवतो आहे. वादी नं. २ यांचे नाव सातबाऱ्यावर "सुमनबाई" आणि आधार कार्डावर "सुमन" असे आहे, ते "ऊर्फ" लावून शीर्षकात घ्यायचे का, हे वकीलसाहेबांना विचार. कलम ४ मधल्या फेरफाराचा नंबर मला ताडता आला नाही, कारण त्याची नक्कल फाईलमध्ये नाही. ती तलाठी कार्यालयातून आली की तेवढा आकडा पाहा आणि मगच प्रिंट काढ.

तुझा हितचिंतक