लाल टोपणाची सिरिंज आणि मी लिहिलेला रिपोर्ट

प्रश्न: वॉर्डमध्ये माझ्या हातून रुग्णाला औषधाचा चुकीचा डोस गेला. रुग्ण आता ठीक आहे. इन्चार्ज सिस्टरनी रिपोर्ट लिहून द्यायला सांगितला आहे. त्यात नेमके काय लिहावे, आणि याचा माझ्या नोंदणीवर परिणाम होईल का?

उत्तर:

मी गोव्यातील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. काही वर्षांपूर्वी चवथीच्या आधीच्या आठवड्यात, अर्धा स्टाफ रजेवर असताना, माझ्या हातूनही असेच घडले. त्या वेळी मी लिहिलेल्या रिपोर्टवरून माझ्या इन्चार्जबरोबर जो वाद झाला, तो माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

रुग्ण साठी ओलांडलेल्या आजी होत्या आणि त्यांना रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास रेग्युलर इन्सुलिन १२ युनिट, त्वचेखाली, असा आदेश होता. त्या घरून स्वतःचे इन्सुलिनचे पेन घेऊन आल्या होत्या, परंतु पेनला लावायच्या सुया संपल्या होत्या, आणि वॉर्डातील इन्सुलिनची वायलही संपली होती. स्टोअरला मागणी गेली होती, पण माल आला नव्हता. जेवणाची वेळ होत आल्यामुळे मी पेनमधील कार्ट्रिज बाहेर काढले, ट्रेमधील लाल टोपणाच्या इन्सुलिन सिरिंजने त्यातून १२ च्या खुणेपर्यंत औषध ओढले आणि ७.१० वाजता दिले. पेन परत ठेवताना कार्ट्रिजवरील १०० हा आकडा माझ्या नजरेस पडला आणि सिरिंजवर ४० छापलेले होते. तेव्हा ७.२८ झाले होते.

आपल्याकडे वायलमधील इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिट या ताकदीचे असते आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच्यासाठीच आखलेली असते. पेनच्या कार्ट्रिजमधील इन्सुलिन मात्र एका मिलीत १०० युनिटचे असते. लाल टोपणाच्या सिरिंजवर १२ ची खूण म्हणजे १२ भागिले ४०, अर्थात ०.३ मिली. शंभरच्या इन्सुलिनचे ०.३ मिली म्हणजे ३० युनिट. आजींना बाराऐवजी तीस युनिट गेले होते, अडीच पट. (उलट घडले, म्हणजे चाळीसची वायल नारिंगी टोपणाच्या शंभरच्या सिरिंजने भरली, तर डोस अडीच पट कमी जातो, तेव्हा रुग्णाला घाम फुटत नाही, साखर मात्र दिवसेंदिवस चढी राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.)

मी आधी आजींकडे गेले. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि बोलत होत्या. ७.३० ला बोटाची साखर २०६ आली. जेवणाचे ताट लगेच मागवून मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांनी पेज व भाजी किती खाल्ली ते पाहिले. साधारण निम्मी खाल्ली. ड्युटी डॉक्टरांना ७.३२ ला फोन करताना मी ‘इन्सुलिन थोडे जास्त गेले’ असे न सांगता हिशेबासकट सांगितले: आदेश १२ चा, दिलेले ०.३ मिली, शंभरचे इन्सुलिन, म्हणजे ३० युनिट. त्यांनी दर अर्ध्या तासाने साखर तपासण्यास, शिरेत लाईन घालण्यास, पोटॅशियमसाठी रक्त पाठवण्यास आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली खाटेपाशी ठेवण्यास सांगितले. इन्सुलिनमुळे साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत जाते, म्हणून ती तपासणी. आजींचे पोटॅशियम योग्य मर्यादेत होते.

आठ वाजता साखर १८८, साडेआठला १५१, नऊला १०९ आणि साडेनऊला ७२ होती. ९.४५ ला आजी म्हणाल्या, “म्हजे हात कित्याक थरथरतात?” कपाळावर घाम होता आणि साखर ५६. त्या नीट गिळू शकत होत्या, म्हणून डॉक्टरांच्या आदेशाने १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिले. दहा वाजता साखर ५९ च होती, तेव्हा डॉक्टरांच्या उपस्थितीत २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून सावकाश दिले. १०.१५ ला १४८. त्यानंतर १० टक्के डेक्स्ट्रोजचे सलाईन सुरू झाले आणि पहाटे चारपर्यंत दर तासाला साखर पाहिली गेली, कारण रेग्युलर इन्सुलिनचा परिणाम सहा ते आठ तास टिकतो आणि डोस मोठा असेल तर आणखी लांबतो. एकदा १४८ आली म्हणून पाळत सोडली असती, तर मध्यरात्रीनंतर झोपेत साखर पुन्हा घसरली असती आणि आजींनी हाताच्या थरथरीबद्दल विचारलेही नसते. माझी ड्युटी आठला संपली होती, मी थांबले. घरच्यांना काय घडले ते डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितले.

रात्री सर्व स्थिरावल्यावर मी रिपोर्ट लिहिला. वर मी जे सांगितले, तेच त्यात वेळेच्या क्रमाने होते, वाक्ये मात्र लहान होती. आदेश काय होता, कोणत्या कार्ट्रिजमधून, कोणत्या सिरिंजने, कोणत्या खुणेपर्यंत औषध काढले, केव्हा दिले, केव्हा आणि कशामुळे लक्षात आले, कोणाला केव्हा कळवले, त्यांनी कोणता आदेश दिला, मी काय केले आणि त्यानंतर रुग्णात काय दिसले. ‘०.३ मिली दिले’ हे मी केलेले होते आणि ‘३० युनिट’ हा माझा हिशेब होता. म्हणून दोन्ही वेगळे लिहिले आणि हिशेब पूर्ण मांडला. आजींचे वाक्य अवतरणात, कोकणीतच ठेवले. ‘रुग्ण अस्वस्थ वाटला’ असे लिहिले असते तर ते माझे मत ठरले असते. ‘हात थरथरत होते, कपाळावर घाम, साखर ५६’ हे कोणीही पडताळू शकते. सिरिंजची सुई कटरने कापली, नळी व कार्ट्रिज मात्र नाव लिहून वेगळे ठेवले आणि तेही नोंदवले. जी सिरिंज कचऱ्यात गेली, तिच्यावर ४० छापले होते की १००, हे दुसऱ्या दिवशी कोणीही सिद्ध करू शकत नाही.

सकाळी इन्चार्ज सिस्टरनी तो कागद वाचून परत दिला. त्यांना हवे होते ते एवढेच: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे रुग्णाला चुकून जास्त इन्सुलिन दिले गेले, त्याबद्दल मी क्षमस्व आहे.’ त्यांच्या मते मी लिहिलेले म्हणजे सुयांच्या तुटवड्याआड लपणे होते. मी लपले नव्हते. ‘मी काढले, मी दिले, कार्ट्रिजवरील ताकद मी वाचली नाही’ हे माझ्या रिपोर्टच्या चौथ्या ओळीत होते. पण ‘चुकून जास्त’ या शब्दांवरून पुढच्या डॉक्टरांना किती जास्त ते कळत नाही, किती तास पाळत ठेवायची ते ठरत नाही, आणि कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढण्याची वेळ का आली हे तर कागदावरून कायमचे नाहीसे होते. निष्काळजीपणा हा चौकशीअंती काढायचा निष्कर्ष आहे, त्या रात्री मी पाहिलेली गोष्ट नव्हे. त्यांना खुलासा हवा असेल तर तो वेगळ्या कागदावर देईन, असे मी सांगितले आणि दिलाही, माफीसकट. रिपोर्ट मात्र बदलला नाही. ‘फार शहाणी झालीस’ असे त्या सर्वांसमोर म्हणाल्या.

चौकशी समितीने माझा मूळ रिपोर्ट वाचला, तेव्हा पहिला प्रश्न मला नव्हे, स्टोअरला विचारला गेला. पेनच्या सुया वॉर्डाच्या नियमित मागणीत आल्या आणि कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढू नये असा लेखी नियम झाला. (डोसची गल्लत टळली तरी कार्ट्रिजमध्ये हवा शिरते आणि पुढचे पेनचे डोसही बिघडतात, त्यामुळे ही वाट मुळातच चुकीची आहे. मी ती घ्यायला नको होती. डॉक्टरांना विचारून जेवण थोडे लांबवायला हवे होते.) इन्चार्जना हवे असलेले एक वाक्य गेले असते, तर मला ताकीद मिळाली असती आणि सुया पुढेही आल्या नसत्या. ताकीद मला तरीही मिळाली, आणि ती योग्य होती. माझ्या नोंदणीला मात्र धक्का लागला नाही.

तुम्ही रुग्णाची फाईल आणि घटनेचा रिपोर्ट यांत गल्लत करू नका. फाईलमध्ये दिलेला डोस, लक्षणे, उपचार आणि डॉक्टरांना कळवल्याची वेळ आलीच पाहिजे. सुया का संपल्या, ही चर्चा तिथे नको. उशिरा केलेल्या नोंदीवर लिहिण्याची खरी वेळ घाला. चुकलेला शब्द एका रेघेने खोडा, वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करा. मागची वेळ घालून नोंद करायला कोणी सांगितले, तर करू नका, सांगणारे कितीही मोठे असोत.

हे सर्व मी माझ्या एका प्रसंगावरून सांगते आहे. आपल्या रुग्णालयाचा छापील नमुना असेल तर तोच भरा. रुग्णाला कायमची इजा झाली असेल किंवा पोलीस प्रकरण झाले असेल, तर आधी वरिष्ठांच्या मार्फत रुग्णालयाच्या कायदेशीर सल्लागाराशी बोला. फाईलचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवू नका. ती रुग्णाची खासगी माहिती आहे.

एक गोष्ट मी रिपोर्टमध्ये विसरले होते. वॉर्डातील भिंतीचे घड्याळ आणि ग्लुकोमीटरची वेळ यांत सात मिनिटांचा फरक होता, त्यामुळे समितीपुढे मशीनमधील नोंदी माझ्या लिखित वेळांशी जुळेनात आणि अर्धा तास त्यातच गेला. तुमच्या वेळा कोणत्या घड्याळाच्या आहेत ते पहिल्याच ओळीत लिहा, आणि मीटरच्या मेमरीतील त्या रात्रीचे आकडे आजच उतरवून घ्या. वॉर्डाचे मीटर दिवसभर वापरात असते आणि नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात.