नववीतल्या पोराचा पॉकेटमनी दहा तारखेलाच संपतो

*प्रश्न: "मुलगा चौदा वर्षांचा, नववीत आहे. आम्ही नागपूरलाच असतो. महिन्याला हजार रुपये देते, ते दहा तारखेपर्यंत संपतात. मग रोज काहीतरी मागतो आणि मी माझ्या फोनवरून स्कॅन करून देते. वर नऊ हजारांची गिअरची सायकल हवी म्हणतो. 'पैसे साठव' म्हटलं की हसतो. बचतीची सवय कशी लावू?"*

ताई, आमच्या मुलीच्या वेळी मीही असाच महिन्याचा पॉकेटमनी देऊन पाहिला होता. त्यात मुलाचा दोष फारसा नसतो. चौदाव्या वर्षी महिना फार लांब असतो. हातात हजार रुपये असले की एक तारखेला तीस तारीख दिसतच नाही. शिवाय संपले की तुमचा फोन आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे त्याचा खरा पॉकेटमनी हजार नाहीच, हजार अधिक स्कॅन जेवढे होतील तेवढा आहे.

म्हणून पहिलं काम रक्कम ठरवण्याचं नाही, मोजण्याचं आहे. चौदा दिवस काहीही न बदलता फक्त लिहून ठेवा: त्याच्यावर घराबाहेर काय काय खर्च झालं. शाळेबाहेरचे समोसे, बर्डीवर मित्रांसोबत खाल्लेले तर्री पोहे, कुणाच्या वाढदिवसाची भेट, मोबाइलचं कव्हर, सगळं. आमच्याकडे दोन आठवड्यांचे ४६० रुपये निघाले, म्हणजे आठवड्याला २३०. हे पैसे तसेही जातच होते, फक्त सुटे सुटे, मागून मागून. पॉकेटमनी म्हणजे हेच पैसे एका दिवशी, एकरकमी, त्यांच्या हातात.

आम्ही आठवड्याला ३०० ठरवले, दर रविवारी सकाळी. त्यातले २०० खर्चाचे आणि १०० साठवायचे. २३० वरून खर्चाचे २०० केले ते मुद्दाम, थोडी निवड करावी लागावी म्हणून. पैसे मी रोख देत होतो आणि नोटा ठरवून देत होतो: शंभराची एक नोट, बाकी पन्नास-वीसच्या. शंभराची नोट तिथल्या तिथे वेगळ्या पाकिटात जायची. "आठवड्याच्या शेवटी उरलं की टाकते" हे आम्ही पहिल्यांदा करून पाहिलं होतं. शेवटी काहीच उरत नाही. स्कॅनने दिलेले पैसे त्यांना जाताना दिसत नाहीत, पाकीट पातळ झालेलं मात्र दिसतं. म्हणून निदान पहिले तीन-चार महिने रोखच द्या.

या पैशात काय येतं आणि काय येत नाही, हे आधी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. बाहेरचं खाणं, मित्रांच्या भेटी, हौशीच्या वस्तू त्याच्या. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, डबा आणि येण्याजाण्याचं भाडं तुमचं. भाडं कधीही पॉकेटमनीत घालू नका. पैसे संपले म्हणून पोरगं क्लासवरून रात्री एकटं चालत येईल, तो धडा आपल्याला नको आहे.

आता सायकल. आठवड्याला शंभर धरले तर नऊ हजारांना नव्वद आठवडे लागतील. हसेल नाही तर काय करेल! या वयात पहिलं ध्येय दहा-बारा आठवड्यांच्या आत दिसायला हवं. आमच्या मुलीला बॅडमिंटनची रॅकेट हवी होती, १,८०० ची. शंभरच्या हिशेबाने अठरा आठवडे होत होते. म्हणून तिला सांगितलं, तू साठवलेल्या प्रत्येक शंभरावर माझे पन्नास, पण ते शेवटी, तुझे १,२०० पूर्ण झाल्यावर. म्हणजे बारा रविवार. कपाटाच्या दाराला बारा चौकोनांचा कागद चिकटवला आणि खाली पेन्सिलीने तारीख लिहिली. पेन्सिलीने, कारण ती तारीख सरकणार हे मला माहीत होतं.

चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा आली. धरमपेठेत मैत्रिणीचा वाढदिवस झाला आणि बुधवारीच दोनशे संपले. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी: "बाबा, उद्या सगळे पाणीपुरी खायला जाऊन राहिले, फक्त पन्नास द्या ना, रविवारचे कापून घ्या." मी नाही म्हटलं. रागावून नाही, भाषणही नाही, फक्त "रविवारी मिळतील." ती गेलीच नाही, खोलीत बसून राहिली. ती संध्याकाळ मला तिच्यापेक्षा जड गेली, ताई. पण उचल एकदा दिली की सगळी व्यवस्था पुन्हा पहिल्यासारखी होते. त्याला तुमच्याकडे मागण्याचा सराव होईल, हिशेबाचा नाही. हे एक "नाही" तुम्हाला सांभाळता आलं तर बाकीचं सोपं आहे.

सातव्या आठवड्यात तिने साठवलेल्या सातशेतून तीनशे काढून इअरफोन घेतले. इथे मात्र मी अडवलं नाही. ते पैसे तिचे होते. फक्त कागदावरचे तीन चौकोन तिलाच खोडायला लावले आणि तारीख तीन रविवार पुढे लिहायला सांगितली. खोडरबर हातात घेऊन ती बराच वेळ त्या तारखेकडे बघत होती. त्यानंतर तिने पाकिटाला हात लावला नाही. पंधराव्या रविवारी १,२०० झाले, मी सहाशे घातले आणि बर्डीवरून रॅकेट आणली. दुकानात पैसे तिनेच मोजून दिले.

तुमच्याकडे मी असं करेन: सायकल घरातून द्यायची असेल तेव्हा द्या, पण तिचं कुलूप, लाइट आणि हेल्मेट त्याने साठवून आणायचं. भाव त्यालाच दोन दुकानांत विचारून येऊ द्या. हे बारा आठवड्यांत बसण्यासारखं आहे आणि सायकलशी जोडलेलंही आहे.

आजी-आजोबांचं मात्र आधीच बोलून घ्या. आमच्याकडे आई हळूच नातीच्या हातात पन्नासची नोट ठेवायची आणि माझा रविवार फुकट जायचा. तिला दुखवायचं नव्हतं, म्हणून ठरवलं की आजीचे, राखीचे, भाऊबीजेचे आणि धाकट्याचे तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्याचे पैसे पोस्टात जातील. दहा वर्षांवरील मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून स्वतःच्या सहीने चालवता येतं, सुरुवातीला ५०० रुपये लागतात. पासबुकवर स्वतःचं नाव छापून आलेलं बघून आमचा धाकटा दोन दिवस ते उशाशी घेऊन झोपला. ध्येयाच्या पाकिटात हे पैसे घालू नका. ते पाकीट आठवड्याच्या शंभराचंच राहू दे, नाहीतर सण आला की साठवणं थांबतं.

हिशेबाची वही ठेवा, पण तपासनीस होऊ नका. रविवारी पैसे देताना पाच मिनिटं: किती उरले, सगळ्यात जास्त कशावर गेले. वीस-तीस रुपये जुळले नाहीत तर सोडून द्या. रोज विचारलं की मुलं खोटं लिहायला लागतात. मार्कांना किंवा घरकामाला हे पैसे बांधू नका, नाहीतर भांडी घासण्याचाही भाव होतो आणि चाचणीत मार्क गेले की बचतही बंद पडते.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा: मित्रांकडून उसने घेतोय का. घेत असेल तर रक्कम खरंच कमी पडतेय किंवा बाहेर कुणाशी बरोबरी चालू आहे. तेव्हा रागावण्याआधी पुन्हा चौदा दिवस लिहून बघा. आणि फोनचा पिन आजच बदला.