लाइट गेली की राउटर कोरा: सेटिंग पुसली जाते की कुणी बदलतं?

प्रश्न: लाइट जाऊन आली की राउटर परत नव्यासारखा होतो, वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्या स्टिकरवरचे येतात. मागच्या महिन्यात अपडेट आलं तेव्हाही तसंच झालं. राउटर खराब झालाय का? कारण कसं ओळखायचं?

उत्तर:

लगेच नवीन राउटर घेऊ नका. सेटिंग ज्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेली असते, ती विजेशिवायही टिकते. त्यामुळे नुसती लाइट गेली म्हणून काही पुसलं जात नाही. मी नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागात नेटवर्किंगची कामं करतो. अशी तक्रार आली की मी आधी एकच गोष्ट बघतो: राउटर खरोखर कोरा झालाय, की फक्त वायफायचं नाव-पासवर्ड कुणीतरी बदललंय? वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण उपाय अगदी वेगळे आहेत.

ते कळण्यासाठी राउटरमध्ये एक खूण ठेवायची. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर (अनेक ठिकाणी `192.168.1.1`) DHCP मध्ये, म्हणजे राउटर घरातल्या मोबाइल-लॅपटॉपला जे पत्ते वाटतो त्या भागात, पत्त्यांची सुरुवात-शेवट लिहिलेली असते. तिथे सुरुवात 2 असेल तर 57 करा. यानं घरात कुणाचं काही अडत नाही आणि बाहेरून कुणी सहसा तिथे हात लावत नाही. बदल केल्यावर Save नीट दाबा. काही राउटरमध्ये Apply वेगळं आणि Save किंवा Commit/Reboot वेगळं असतं. नुसतं Apply केलेलं तात्पुरत्या मेमरीत चालू राहतं आणि लाइट गेली की जातं. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. म्हणून मेनूमधूनच एकदा रीस्टार्ट करून 57 टिकलंय का ते बघा. नीट Save करूनही या साध्या रीस्टार्टला ते टिकत नसेल, तर फ्लॅश गेली असण्याची शक्यता मोठी आणि राउटर बदलणं योग्य.

ते टिकलं, तर पुढच्या वेळी लाइट जाऊन आल्यावर परत तेच पान उघडा. वायफायचं नाव बदललंय पण 57 जागेवर आहे, म्हणजे राउटर कोरा झालेला नाही. बाहेरून कुणीतरी फक्त वायफाय लिहून गेलंय. 57 चं परत 2 झालंय, म्हणजे सगळंच पुसलं गेलं.

इंदिरानगरला माझ्या मावशीकडे गेल्या पावसाळ्यात पहिला प्रकार झाला. मावशी म्हणाली, "अरे, नेट चालू आहे, पण सगळ्यांच्या मोबाइलवर परत पासवर्ड मागतोय." आता, नेट चालू आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. नेट देणाऱ्या कंपनीनं दिलेला फायबरचा राउटर पूर्ण कोरा झाला, तरी कंपनीचा सर्व्हर त्यात नेटची माहिती आपोआप परत भरू शकतो. मी आधी ठेवलेली खूण बघितली, ती जागेवर होती. मग फायबरची हिरव्या टोकाची वायर काढली, तोंडावर लगेच टोपी लावली आणि वायफायचं नाव परत मावशीचं ठेवून Save केलं. मग स्विच बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू केला. LOS चा लाल दिवा लुकलुकत होता, तो फायबर नाही म्हणून, ते ठीकच. दहा मिनिटं थांबलो, नाव तसंच. मग फायबर जोडली. मोबाइलवर वायफायची यादी उघडी ठेवून बसलो होतो. चौथ्या मिनिटाला मावशीचं नाव गेलं आणि स्टिकरवरचं आलं.

याचा अर्थ असा की, कंपनीच्या सर्व्हरकडे जुनी नोंद होती. TR-069 नावाच्या पद्धतीनं राउटर चालू झाला की सर्व्हरला कळवतो, आणि सर्व्हर आपल्याकडची नोंद त्यात लिहितो. फर्मवेअरही, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, बहुतेक वेळा याच वाटेनं येतं. म्हणून लाइट गेल्यावरही आणि अपडेटनंतरही, अशी तुमची दुहेरी तक्रार एकाच कारणानं होऊ शकते. राउटरच्या लॉगमध्ये हे व्यवहार दिसत असतील तर `1 BOOT` म्हणजे साधा रीस्टार्ट. त्याच्या सोबत `0 BOOTSTRAP` आलं असेल, तर बहुधा राउटर खरोखर कोरा झाला होता. हा लॉग बहुतेक राउटरमध्ये तात्पुरत्या मेमरीतच असतो, त्यामुळे लाइट आल्यावर लगेच बघा, पुन्हा बंद-चालू करू नका. मावशीकडे उपाय राउटरमध्ये नव्हताच. वायफायचं नाव-पासवर्ड कंपनीच्या ॲपमधून बदललं, म्हणजे सर्व्हरची नोंदच बदलली. तेव्हापासून त्रास नाही. फायबर काढाल तेव्हा तिच्या तोंडात डोळा लावून बघू नका आणि टोकाला बोट लावू नका. तुमच्याकडे फायबरऐवजी साधी नेटवर्कची वायर येत असेल, तर बाहेरून येणारी WAN ची वायर काढून हीच चाचणी करा.

आता दुसरा प्रकार, खूणही पुसली गेली. इथे घाईनं फ्लॅशवर आळ घेऊ नका. आधी रीसेटचं बटण बघा. राउटर भिंतीला ठोकलेला असेल आणि ते बटण एखाद्या वायरीखाली किंवा क्लिपखाली दबलेलं असेल, तर पाच-दहा सेकंद दबून राहिलं की राउटर स्वतःच कोरा होतो. टाचणीनं हलकं दाबा, टिक असा आवाज येऊन बटण वर यायला हवं. मी एक युक्ती करतो: मोबाइलवर दिव्यांचा व्हिडिओ घेत स्विच चालू करतो. दिवे नेहमीसारखे लागता लागता मध्येच सगळे विझले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तर राउटरनं रीसेट घेतला असण्याची दाट शक्यता आहे.

बटण ठीक असेल तर लाइट येते कशी ते आठवा. पावसात आपल्याकडे लाइट एकदम स्थिर येत नाही. येते, जाते, परत येते. राउटर सुरू व्हायला मिनिटभर लागतं आणि त्या मिनिटात काही मॉडेल फ्लॅशमध्ये लिहीत असतात. लिहिताना वीज तुटली की नोंद अर्धवट राहते. पुढच्या वेळी राउटर ती तपासतो, ताळा जुळत नाही, आणि मग तो कारखान्यातली मूळ सेटिंग उचलतो. हे पक्कं करायला स्विचवरून दहा वेळा राउटर बंद-चालू करा, प्रत्येक वेळी तो पूर्ण सुरू होऊ द्या. दहाही वेळा 57 टिकलं, पण खरी लाइट गेल्यावर पुसलं, तर दोष त्या लपंडावाचा किंवा दमलेल्या ॲडॉप्टरचा. ॲडॉप्टर मल्टिमीटरवर नुसता 12 व्होल्ट दाखवतो म्हणून चांगला समजू नका. राउटर जोडलेला असताना किती राहतात ते मोजा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच UPS मोडवर आहे का बघा, कारण साध्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि राउटर बंद पडतो. नसेल तर राउटरचा छोटा UPS घ्या: व्होल्ट ॲडॉप्टरवर लिहिलेत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

अपडेटचं म्हणाल, तर स्टेटसच्या पानावरचा फर्मवेअरचा क्रमांक आजच स्टिकरशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वेळी राउटर कोरा दिसला आणि क्रमांकही बदललेला असेल, तर नवीन फर्मवेअरला जुनी मांडणी वाचता आली नसेल, किंवा कंपनीनं मुद्दाम पुसून टाकलं असेल. अशा वेळी जुना बॅकअप त्यात भरू नका. सेटिंग हातानं भरा. क्रमांक तोच असेल तर अपडेटचा संबंध नाही.

पहिला प्रकार निघाला आणि कंपनीला फोन करताना "राउटर रीसेट होतो" एवढंच सांगितलंत तर ते तुम्हाला नवीन राउटर देतील आणि आठवड्यानं परत तेच होईल. "फायबर काढल्यावर नाव टिकतं, जोडल्यावर चार मिनिटांत बदलतं, तुमच्या सर्व्हरवरची नोंद बदला" असं सांगा.