ड्रॉबॅकसाठी सीएचएला नेमकं काय विचारायचं?

प्रश्न: «आम्ही व्हॉल्व्ह बनवतो. त्यात बसणारा एक भाग बाहेरून आयात करतो, त्यावर ड्यूटी भरलेली आहे. तयार माल आता निर्यात होणार आहे. सीएचए म्हणतो, "ड्रॉबॅक आपोआप येईल, काळजी करू नका." भरलेली ड्यूटी पूर्ण परत मिळते का? त्याला काय विचारू?»

सीएचए, म्हणजे तुमचा कस्टम्स एजंट, खोटं बोलत नाहीये. फक्त त्याच्या "आपोआप" या शब्दात ऑल इंडस्ट्री रेट गृहीत धरलेला आहे, आणि तुमचा सगळा प्रश्न तिथेच अडकलेला आहे.

ड्रॉबॅक म्हणजे निर्यात मालात गेलेल्या आयात भागांवरची ड्यूटी परत मिळणं. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ७५ खाली आणि ड्रॉबॅक नियम २०१७ प्रमाणे पैसे मिळायच्या दोन वाटा आहेत. पहिली ऑल इंडस्ट्री रेटची. सरकारने प्रत्येक प्रकारच्या मालासाठी सरासरी काढून एफओबी किमतीवर, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीवर, टक्का ठरवून ठेवलेला असतो, काही मालाला नगामागे किंवा किलोमागे कमाल रक्कमही असते. तुम्ही प्रत्यक्ष किती ड्यूटी भरली हे इथे कोणी विचारत नाही. शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्काकडे द्यायच्या कागदात, त्या दराचा अनुक्रमांक टाकला की दावा झाला. दुसरी वाट ब्रँड रेटची. इथे तुमच्या मालात गेलेल्या आयात भागांवर खरोखर किती ड्यूटी भरली ते कागदांनी दाखवायचं आणि सीमाशुल्क आयुक्तालय तुमच्यासाठी वेगळा दर ठरवून देतं. तुमच्या मालाला ऑल इंडस्ट्री रेटच नसेल तर नियम ६, दर आहे पण तोकडा आहे तर नियम ७.

तोकडा म्हणजे किती, हे नियमातच लिहिलेलं आहे: तो दर भरलेल्या ड्यूटीच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी पडला पाहिजे. समजा एका व्हॉल्व्हची एफओबी किंमत ४,००० रुपये आणि तुमच्या मालाचा दर दीड टक्का, म्हणजे नगामागे ६० रुपये ड्रॉबॅक. आत बसणाऱ्या आयात भागाचं मूल्य १,२०० रुपये आणि त्यावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, म्हणजे ९० रुपये. (आकडे समजुतीसाठी घेतलेत, दर तुमच्या कोडप्रमाणे बघा.) ९० चे ८० टक्के ७२ होतात, मिळणारे ६० त्याहून कमी, म्हणजे नियम ७ चं दार उघडं आहे. हजार नगांवर फरक ३०,००० रुपयांचा. दर दीडऐवजी दोन टक्के असता तर नगामागे ८० रुपये मिळाले असते. ते ७२ पेक्षा जास्त, म्हणून नियम ७ बंद, उरलेल्या दहा रुपयांवर पाणी सोडायचं.

आयातीवर भरलेला आयजीएसटी या हिशेबात धरू नका. त्याचा रस्ता जीएसटीतून, इनपुट क्रेडिट किंवा परताव्याचा आहे. "पूर्ण ड्यूटी परत" म्हणणाऱ्यांचा निम्मा गोंधळ इथेच होतो: बिल ऑफ एन्ट्री या आयातीच्या कागदावरची एकूण रक्कम बघतात आणि ड्रॉबॅकमध्ये तेवढीच शोधत बसतात.

आता सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. शिपिंग बिलात एकदा ऑल इंडस्ट्री रेटचा दावा केला की त्याच मालासाठी नियम ७ चा अर्ज करता येत नाही. नियमात तसा अपवादच लिहिलेला आहे. म्हणजे सीएचएने सवयीने नेहमीचा अनुक्रमांक टाकला की वरचे ३०,००० तिथेच गेले, आणि माल जहाजावर चढल्यावर ते लक्षात येऊन उपयोग नाही. म्हणून निर्णय शिपिंग बिल दाखल व्हायच्या आधी हवा. सीएचए दाखल करण्यापूर्वी तुम्हाला चेकलिस्ट पाठवतो, बहुतेक जण त्यात माल, वजन आणि खरेदीदाराचं नाव तेवढं बघून "ओके" म्हणतात. तुम्ही प्रत्येक ओळीसमोरचा ड्रॉबॅकचा अनुक्रमांक बघा. ब्रँड रेटसाठी वेगळा क्रमांक असतो, तो आहे ना याची खात्री करूनच होकार द्या.

तर सीएचएला विचारायचं ते असं: "आमच्या मालाचा ऑल इंडस्ट्री रेट किती आणि त्याला कमाल मर्यादा आहे का? आमच्या ड्यूटीच्या ८० टक्क्यांखाली तो येतो का? येत असेल तर शिपिंग बिल ब्रँड रेटखाली टाकाल का, आणि अर्जाचं काम तुम्ही करता की कन्सल्टंट? तुमची फी किती?" शेवटचा प्रश्न लाजू नका विचारायला. ब्रँड रेटमध्ये कष्ट जास्त आहेत, म्हणून अनेक एजंट तो विषयच काढत नाहीत. आणि फरक छोटा असेल तर त्यांचं खरंही असतं, फीमध्येच तो संपतो.

अर्ज निर्यात जिथून झाली तिथल्या सीमाशुल्क आयुक्तांकडे, लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल निर्यातीला सोडायच्या सीमाशुल्काच्या आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत. मुदतवाढ मिळते, पण शुल्क भरून आणि कारण देऊन, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. अर्जासोबत डीबीके नावाची विवरणपत्रं जातात: एका नगात कोणता भाग किती लागतो, तो कोणत्या बिल ऑफ एन्ट्रीने आला, त्यावर ड्यूटी किती. अर्ज अडकतो तो बहुधा याच ठिकाणी. कारखान्यातल्या बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या सुट्या भागांच्या यादीत, एक भाग लागतो असं लिहिलेलं, स्टॉक रजिस्टरमध्ये हजार नगांसाठी १,०४० भाग खर्ची पडलेले, आणि मधल्या ४० चा खुलासा कुठेच नाही. ते तुटले, नापास झाले की इतर मालात गेले, हे रजिस्टरमधून दिसलं पाहिजे. वाया गेलेला माल भंगारात विकला असेल तर तेही दाखवा. तपासणीला अधिकारी कारखान्यात येऊ शकतात आणि ते पहिल्यांदा बघतात ते हेच.

दुसरं एक: आयात निर्यातीच्या आधीची हवी आणि तोच भाग त्याच मालात गेला हे पटलं पाहिजे. तुमचा थोडा माल देशातही विकला जात असेल, तर आयात केलेल्यातले किती नग निर्यातीच्या बॅचमध्ये गेले याची इश्यू स्लिप आजपासून ठेवायला लागा. नंतर बनवलेली नोंद लगेच ओळखू येते.

दर ठरेपर्यंत वेळ जातो. तोवर पैसे हवे असतील तर बॉन्ड देऊन तात्पुरत्या रकमेची मागणी त्याच अर्जात करता येते.

पैसे निर्यातदाराच्या खात्यात थेट येतात. ते येत नाहीत असं दिसलं तर आधी आइसगेट या सीमाशुल्काच्या पोर्टलवर शिपिंग बिलाची स्थिती बघा. शिपिंग लाइनने ईजीएम, म्हणजे जहाजावर गेलेल्या मालाची यादी, दाखल केलं नसेल किंवा त्यात कंटेनर क्रमांक चुकला असेल तर दावा पुढे सरकत नाही, आणि ते दुरुस्त करवून घेणं सीएचएचं काम आहे. बँक खात्याची नोंद जुनी असणं हे दुसरं नेहमीचं कारण. तुमच्याकडून कसलीही त्रुटी दुरुस्त करायची राहिलेली नसताना दावा दाखल झाल्यापासून महिन्यात पैसे आले नाहीत तर कलम ७५ए खाली व्याज मिळतं, फार कमी लोक मागतात.

आणि खरेदीदाराचे पैसे फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या मुदतीत आले नाहीत तर मिळालेला ड्रॉबॅक व्याजासह परत द्यावा लागतो. बँकेचं वसुलीचं प्रमाणपत्र प्रत्येक शिपिंग बिलासोबत जोडून ठेवा. ही नोटीस येते तेव्हा माल गेल्याला बराच काळ लोटलेला असतो आणि फाइल कुणालाच सापडत नाही.