फोटोवरून गॉगल ओळखताना आधी दांडीची आतली बाजू पाहा

ठाणे स्टेशनजवळ घेतलेला गॉगल अस्सल रेबॅनचा आहे का, असे आपण फोटो पाठवून विचारले आहे. त्याचा समोरून काढलेला फोटो ब्रँड ठरवायला पुरेसा नाही, कारण रेबॅनच्या एव्हिएटरचा आकार असंख्य उत्पादक वापरतात. दोन्ही दांड्यांच्या आतल्या बाजूचे जवळून, तिरप्या उजेडात फोटो काढावेत.

आपल्या दुसऱ्या फोटोत RB3025, 58□14 आणि 3N असे दिसते. पहिला मॉडेल क्रमांक असून ५८ ही काचेची रुंदी आणि १४ हे नाकावरचे अंतर मिलिमीटरमध्ये आहे. 3N म्हणजे गडदपणाची तिसरी श्रेणी आणि काच पोलराइज्ड, म्हणजे परावर्तित चकाकी रोखणारी, नाही. काचेवरचे स्टिकर मात्र 'पोलराइज्ड' म्हणते. ही विसंगती संशयास आणि परतफेड मागण्यास पुरेशी आहे. उलट, सगळे क्रमांक जुळले तरी गॉगल अस्सल ठरत नाही, कारण तेही हुबेहूब छापता येतात.

नवख्यांची मोठी चूक म्हणजे गडद काच सुरक्षित मानणे. UV400 म्हणजे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे अतिनील किरण अडवण्याचा दावा. तो रंगावरून किंवा फोटोवरून तपासता येत नाही. गडद काचेमागे बाहुली विस्फारते, त्यामुळे ती काच अतिनील किरण अडवत नसेल तर डोळ्यांत ते अधिक शिरतात. म्हणून यूव्ही मीटर असलेल्या चष्म्याच्या दुकानात दोन्ही काचा मोजून घ्याव्यात.